तीन स्लॅबचे पैसे

बद्रीनाथ वानखडे पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. तिचा एक पाय डुगडुगत होता. त्यांनी खिशातून बसचं जुनं तिकीट काढलं, त्याची घट्ट घडी करून पायाखाली सरकवली, पुन्हा हलवून पाहिलं आणि मग बसले.

"आता बोला मॅडम," म्हणाले.

ही दोन हजार पाच सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या हडपसर शाखेत कर्जाच्या फायली बघत होते. शाखेत रोज तीस माणसं यायची. निम्मी आयटीतली. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, आणि "किती इन्स्टॉलमेंट बसेल तेवढं सांगा" एवढाच प्रश्न. वानखडे त्यांतले नव्हते. ते एका कारखान्यात तपासनीस होते. मोटारीचे सुटे भाग बनायचे, ते मापात आहेत की नाहीत हे बघून शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. वय एक्केचाळीस. मूळ गाव दर्यापूरजवळ. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. अमरावतीला आयटीआय करून हे पंच्याऐंशी साली पुण्यात आले, ते आधी विश्रांतवाडीत एका खोलीत चौघांत राहिले, मग लग्न झाल्यावर येरवड्यात, आणि मग कारखान्याच्या जवळ म्हणून हडपसरला. वीस वर्षांत सात घरं बदलली. प्रत्येक घराचा नळ, कडी, दिव्याचं बटण वानखड्यांनी स्वखर्चानं दुरुस्त करायचं, आणि घर सुधारलं की मालकानं भाडं वाढवायचं.

"आता आयटीवाली पोरं तिघं मिळून पाच हजार देतात मालकाले," ते म्हणाले. "मी बावीसशे देतो. मालकाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण पोरगी आठवीत हाय माझी. दर अकरा महिन्यांनी तिनं शाळेत कोणत्या रस्त्यानं जायचं, हे मला दुसऱ्यानं ठरवायला नको."

घर त्यांनी बघून ठेवलं होतं. फुरसुंगीच्या रस्त्याला, ज्याला तेव्हा कोणी पुणं म्हणत नव्हतं, तिथं हिंदुराव नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर त्याचा मुलगा इंद्रजीत इमारत बांधणार होता. खाली पार्किंग, वर तीन मजले. वन बीएचके, किंमत आठ लाख. त्या दिवशी तिथं फक्त खड्डा होता.

मी नेहमीचं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. वीस टक्के, म्हणजे एक लाख साठ हजार, आधी तुमचे. बाकी सहा लाख चाळीस हजार आम्ही देऊ. पण एकदम नाही. पाया झाला की किमतीच्या पंधरा टक्के. मग प्रत्येक स्लॅबला दहा. चार स्लॅब म्हणजे चाळीस. वीटकाम आणि प्लास्टरला पंधरा, फरशी-दारांना पाच, ताब्याच्या वेळी शेवटचे पाच. बिल्डर काम झाल्याचं डिमांड लेटर देतो, आमचा इंजिनिअर साइट बघून येतो, तुम्ही सही करता, मग बिल्डरच्या नावानं चेक निघतो.

"म्हणजे पैसे तुमच्याकडंच राहतात. काम होईन तसे सुटतात."

"बरोबर."

"आणि माझा हप्ता?"

"पूर्ण कर्ज उचललं गेलं की. आठ टक्क्यांनी, पंधरा वर्षांचा, महिना सहा हजार एकशे सोळा. तोपर्यंत फक्त प्री-ईएमआय. म्हणजे जेवढे पैसे आम्ही बिल्डरला दिलेत, तेवढ्याचं व्याज. पायाचे एक लाख वीस हजार गेले की महिना आठशे रुपये. पहिला स्लॅब झाला की दोन लाखांचं व्याज, तेराशे तेहतीस. तसं वाढत जाईल."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं. त्या काळी मी रोज दहा जणांना हे सांगत असे, आणि दहाही जण मान डोलावत. त्यांना काय समजलं होतं आणि काय नव्हतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

काम सुरू झालं. वानखडे दर रविवारी सायकलवरून साइटवर जायचे. कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. बाकीच्या लोकांना आपलं घर बघायला जायचं म्हणजे पेढे घेऊन फोटो काढायला जायचं असे. हे जायचे आणि सळ्यांमधलं अंतर टेपनं मोजायचे, स्लॅबवर पाणी साठवलंय की नाही ते बघायचे. इंद्रजीतचे मजूर त्यांना 'इन्स्पेक्टर साहेब' म्हणायला लागले. इंद्रजीत स्वतः तिशीतला, दोन मोबाइलचा, काळी स्कॉर्पिओ चालवणारा. तो एकदा मला म्हणाला, "मॅडम, असली दोन गिऱ्हाइकं असतील ना, तर मला सुपरवायझरच ठेवायला नको."

पाया, पहिला, दुसरा, तिसरा. पाच सालच्या डिसेंबरपर्यंत तीन लाख साठ हजारांचे चेक गेले. प्री-ईएमआय महिना चोवीसशे झाला. भाडं बावीसशे वेगळं. वानखडे दर महिन्याच्या पाच तारखेला येऊन पैसे भरून जात. कधी दमलेले, पण कपड्यांना इस्त्री असे.

मग सहा साल उजाडलं आणि मार्च आला.

मार्च काय असतो हे कर्ज देणाऱ्या माणसाला विचारावं. वर्षाचं टार्गेट एकतीस तारखेला संपतं. किती कर्ज मंजूर केलं यापेक्षा किती पैसे प्रत्यक्ष बाहेर गेले, यावर शाखेची पत ठरते. बावीस तारखेला इंद्रजीतकडून डिमांड लेटरांचा गठ्ठा आला. त्या इमारतीत आमच्या शाखेची सात कर्जं होती. पत्रात लिहिलं होतं, चौथा स्लॅब पूर्ण, वीटकाम-प्लास्टर प्रगतीवर. दोन्ही मिळून पंचवीस टक्के, म्हणजे प्रत्येकी दोन लाख. आमच्या इंजिनिअरचा रिपोर्टही दुसऱ्या दिवशी आला: चार स्लॅब पूर्ण, वीटकाम चालू.

मी फोन लावले. तिघांनी त्याच दिवशी येऊन सह्या केल्या. त्यांतला एक अभिनव, नागपूरचा, आयटीतला चोवीस वर्षांचा पोरगा. तो तर रिक्षा चालू ठेवूनच आत आला होता, मीटिंग होती त्याची. सही केली आणि निघाला. संध्याकाळी तिन्ही चेक निघाले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिली पाळी संपवून वानखडे आले. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला. कोणी फॉर्म वाचत नसे.

"मॅडम, चौथा स्लॅब पडला नाही."

"पडलाय की. हा रिपोर्ट आहे."

"मी रविवारी वर गेलो होतो. सेंट्रिंगच्या प्लेटा लावल्यात फक्त. सळईसुद्धा बांधली नाही. खालून रस्त्यावरून पाहिलं तर स्लॅबच वाटतो."

"अहो वानखडे, रविवार होऊन पाच दिवस झाले."

"आज सकाळी कामावर जाताना पुन्हा पाहिलं."

मला राग आला. खरं सांगायचं तर, ते बरोबर असतील अशी शंका आल्यामुळेच जास्त आला. मी म्हणाले, "आज ना उद्या पडणारच आहे. दहा-पंधरा दिवसांचं व्याज जास्त जाईल फार तर. मार्च एंड आहे, जरा समजून घ्या."

त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग सावकाश, मला समजावत असल्यासारखं म्हणाले, "मॅडम, मी कारखान्यात शिक्का मारतो. उद्या मापात येईन अशा पार्टवर आज शिक्का मारला, तर तो कुठल्या तरी गाडीत बसते. मग ती गाडी रस्त्यावर असते. मले नाही जमणार."

"इंद्रजीत उशिराबद्दल दंडाचं व्याज लावेल. करारात आहे ते."

"करारात 'चौथा स्लॅब पूर्ण झाल्यावर' असंही आहे. झाला की त्याच दिवशी सही करतो. ओव्हरटाइम सोडून येतो."

ते गेल्यावर मी पाच मिनिटं फाइल बंद-उघड करत बसले. मग स्कूटी काढली. फुरसुंगीचा रस्ता तेव्हा नुसत्या धुळीचा होता. वानखडे बसची वाट बघत कोपऱ्यावर उभे होते, त्यांना मागे बसवलं. साइटवर एक रखवालदार सोडून कोणी नव्हतं. बांबूची शिडी चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. साडीवर होते मी. वर पाहिलं तर प्लेटांच्या फटींतून आभाळ दिसत होतं.

'मी म्हणालो होतो ना' हे वाक्य वानखड्यांच्या तोंडून मी आजतागायत ऐकलेलं नाही.

शाखेत परत येऊन मी उरलेले चार चेक थांबवले आणि रिपोर्ट परत पाठवला. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण तीन चेक बाहेर गेले होते आणि वटले होते. ते मी काढले होते, रस्त्यावरून पाहिलेल्या स्लॅबवर विश्वास ठेवून. त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकायला मी अजूनही तयार नाही.

एप्रिलमध्ये काम बंद पडलं.

कारण पुढे कळलं. इंद्रजीतनं जवळच्या मांजरी गावात याच्या तिप्पट मोठी साइट धरली होती आणि इकडचे पैसे तिकडच्या पायात गेले होते. तो लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच वाटत होतं, तिकडची बुकिंग आली की इकडचं काम एका महिन्यात उडवू. सगळं पुणं तेव्हा अशाच भरवशावर वर चढत होतं. पण बुकिंग आली नाही. प्लेटा मजूर घेऊन गेले. पावसाळा आला, खांबांतून वर डोकावणाऱ्या सळ्या गंजून लाल झाल्या. दिवाळी गेली.

आणि व्याज चालूच होतं. लोकांना हे पटायचं नाही. "काम बंद आहे तर व्याज कसलं?" असं भांडायला यायचे. मी सांगायचे, पैसे बिल्डरकडे गेलेत ना, ते तुमच्या नावावर गेलेत. काम चालू असो की बंद, व्याज पैशाला असतं, भिंतीला नसतं. शिवाय दर वाढत चालला होता. आठाचे साडेआठ, नऊ, आणि सहा साल संपताना दहा. वानखड्यांचं चोवीसशेचं तीन हजार झालं. अभिनव आणि दुसरे दोघे पाच लाख साठ हजारांवर व्याज भरत होते: महिना चार हजार सहाशे सदुसष्ट.

डिसेंबरच्या पाच तारखेला वानखड्यांबरोबर त्यांची बायको आली. राधाताईंना मी प्रथमच पाहत होते. ठेंगणी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मॅडम, आतापर्यंत आम्ही कर्जाचे किती भरले?"

मी स्टेटमेंट काढलं. "पायाच्या चेकपासून मिळून बेचाळीस हजारांच्या वर."

"मग तीन लाख साठमधून बेचाळीस गेले. उरले तीन लाख अठरा."

मी वानखड्यांकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांनाही तसंच वाटत होतं, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. दोन वर्षं दर महिन्याला त्यांच्याकडून पैसे घेतले होते आणि एकदाही हे वाक्य स्वच्छ बोलले नव्हते.

"नाही हो," मी म्हणाले. "उरले तीन लाख साठच. हे सगळं व्याज होतं. मुद्दलातला एक रुपयाही कमी झालेला नाही. पंधरा वर्षांचा हप्ता आहे ना, तो अजून सुरूच झालेला नाही. तो सुरू झाल्यावर मुद्दल फिटायला लागतं."

राधाताई नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे हे घराचं भाडंच झालं की. न बांधलेल्या घराचं."

"तसंच," मी म्हणाले.

"आणि थो हप्ता सुरू कधी होईन?"

"सगळे पैसे सुटल्यावर."

"आणि घर झालंच नाही चार वर्षं, तर चार वर्षं आम्ही असंच भरत बसायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "याच्यावर काही उपाय नाही का मॅडम? तुम्ही शिकलेल्या आहात. आम्हाला जे विचारता येत नाही, ते तुम्हीच सांगा."

उपाय होता. आमच्या कंपनीत तो होता, पण कोणी मागितल्याशिवाय आम्ही सांगत नसू. मी सांगितलं. पूर्ण कर्ज उचललं नसलं तरी, उचललेल्या रकमेवर हप्ता आजपासून सुरू करता येतो. अर्ज द्यायचा. व्याजापेक्षा जास्त जेवढी रक्कम ठरवाल, तेवढी मुद्दलात जाते. आता व्याज तीन हजार आहे. महिना पाच हजार भरलेत तर पहिल्याच महिन्यात दोन हजार मुद्दल कमी. पुढच्या महिन्याचं व्याज कमी झालेल्या मुद्दलावर.

"पाच हजार कुठून आणायचे?" वानखडे पहिल्यांदाच बोलले. "बावीसशे भाडं हाय राधा."

"डबे," राधाताई म्हणाल्या.

त्या आधीच दोन डबे देत होत्या, शेजारच्या आयटीतल्या वऱ्हाडी पोरांना. भाकरी, झुणका, ठेचा, शनिवारी वडा-भात. पोरं सारखी म्हणत होती, काकू, आमच्या ऑफिसात आणखी आठ जण आहेत. त्यांनी हो म्हटलं नव्हतं कारण भाड्याच्या घरात मालकीण भांड्यांच्या आवाजावरून बोलायची. आता म्हणाल्या, बोलू दे तिला. मी तिथंच अर्ज लिहून घेतला. सही करताना वानखडे थबकले, अर्ज पूर्ण वाचला, आणि बायकोकडे बघून हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जानेवारीत पाच हजारांचा पहिला हप्ता आला. राधाताई पहाटे उठून दहा डबे भरायच्या, वानखडे कामावर जाताना सायकलला लावून पोचवायचे. फेब्रुवारीचं स्टेटमेंट मी मुद्दाम फोन करून वाचून दाखवलं. "तीन लाख अठ्ठावन्न हजार." पलीकडून वानखडे म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

पण स्लॅब काही पडत नव्हता. अभिनव एकदा येऊन माझ्यावर ओरडून गेला. "तुम्ही चेक दिलाच कसा?" त्याला मी खरं ते सांगितलं. रिपोर्ट चुकीचा होता, मी तो न तपासता मानला, आणि तुम्ही न वाचता सही केली. तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मला ते वानखडे काका कुठं भेटतील?"

काका त्याला त्यांच्याच घरी भेटले. पुढच्या रविवारी तो त्यांच्याकडे जेवला आणि त्यानंतर कायमचा डबा लावला.

दोघांनी मिळून ठरवलं, इंद्रजीतमागे धावण्यात अर्थ नाही, तो फोनच उचलत नाही. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांकडे जायचं. हिंदुराव जुन्या गावठाणात राहायचे. जमीन त्यांची होती आणि फर्ममध्ये त्यांचं नाव भागीदार म्हणून होतं, सहीपुरतं. त्या इमारतीत त्यांना जमिनीच्या बदल्यात चार घरं मिळायची होती. तीही तशीच लटकलेली. मीही गेले, कंपनीकडून नाही, माझी मी.

हिंदुराव ओसरीत पाय पसरून बसले होते. पटका, जाड चष्मा. वानखड्यांनी नमस्कार केला. "तुम्ही व्हय त्यो इनिस्पेक्टर?" म्हातारा म्हणाला. "आमचं पोरगं लई शिव्या घालतं तुमाला."

"घालू द्या," वानखडे म्हणाले. "मी घराचं विचारायला आलोय."

"पैसं न्हाईत. मांजरीच्या खड्ड्यात गेलं समदं. मी काय करू?"

"पैसे हायेत ना," वानखडे म्हणाले.

म्हातारा सरसावून बसला. वानखड्यांनी समजावून सांगितलं, इतकं सोपं करून की मी दोन वर्षांत कोणाला तसं सांगितलं नव्हतं. आमच्या चौघांच्या कर्जाचे पैसे या मॅडमच्या कंपनीकडे तसेच आहेत. इंद्रजीतकडे गेलेले नाहीत. चौथा स्लॅब पडला की प्रत्येकी ऐंशी हजार, म्हणजे तीन लाख वीस हजार सुटतील. मग त्या पैशातून वीटकाम. वीटकाम झालं की पुन्हा प्रत्येकी एक लाख वीस. प्रत्येक कामाचे पैसे मागून येतात. फक्त सुरुवातीचा, या स्लॅबचा खर्च कोणीतरी पुढं करावा लागेल.

हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का बाई? का ह्यो मला गोड बोलतोय?"

"खरं आहे. स्लॅब मी स्वतः बघेन आणि आठवड्यात चेक देईन."

"आणि ज्यांनी आधीच दिल्यात, त्यांचं?" म्हाताऱ्यानं अभिनवकडे बोट केलं.

"त्यांच्याकडून स्लॅबचं आणि वीटकामाचं पुन्हा मागायचं नाही," वानखडे म्हणाले. "त्यांचे पैसे तुमच्याकडं आलेत. कुठं गेले, तो तुमच्या घरातला प्रश्न हाय."

आतून सुनेनं चहा आणला. हिंदुरावांनी बशीत ओतून घेतला, प्यायला, आणि तिला म्हणाले, "इंद्याला फोन लाव. म्हणावं, चेकबुक घिऊन ये. आजपासून दोगांची सही लागंल."

म्हाताऱ्यानं आपली बँकेतली एक ठेव मोडली. सात सालच्या मेमध्ये सिमेंट आणि सळई येऊन पडली. गंजलेल्या सळ्या तारेच्या ब्रशनं घासून घ्यायला वानखड्यांनी लावलं आणि दोन रविवार स्वतः उभे राहून ते करून घेतलं. स्लॅब पडला त्या दिवशी पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणून सकाळी सहापासून मिक्सर चालू होता. इंद्रजीतही होता, मान खाली घालून. दुपारी त्यानं वानखड्यांना विचारलं, "काका, इथं सळई आणि प्लेटेमधलं कव्हर बरोबर आहे ना?" वानखड्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आहे." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्यात तेवढंच बोलणं झालं.

दोन दिवसांनी मी शिडीनं वर गेले. या वेळी सलवार कमीज घालून. पायाखाली ओला स्लॅब होता. चौथ्या दिवशी चार चेक निघाले. वानखडे सही करायला आले तेव्हा त्यांनी कबूल केल्याप्रमाणे ओव्हरटाइम सोडला होता.

त्यानंतर काम थांबलं नाही. वीटकाम, प्लास्टर, फरशी. दर अकरावर गेला होता आणि उचललेली रक्कम वाढली तसं व्याजही वाढलं. राधाताईंनी डबे पंधरा केले आणि महिन्याचा हप्ता साडेपाच हजारांवर नेला. आठ सालच्या जूनमध्ये ताबा मिळाला, ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा. शेवटचा चेक निघाला आणि पूर्ण हप्ता सुरू झाला, तेव्हा वानखड्यांचं वीसएक हजार मुद्दल आधीच फिटलेलं होतं. रक्कम मोठी नव्हती. राधाताईंनी ती मला तीनदा विचारली.

अभिनवला पंधरा महिन्यांचं जादा व्याज परत मिळालं नाही. ते कोणी देणार नव्हतंच. त्यानं दुसऱ्या कोणावर राग धरला नाही, पण मी त्याच्यासमोर कधी पूर्ण मोकळेपणानं बोलू शकले नाही. त्या मार्चनंतर मी एकही चेक साइट न बघता काढला नाही. आणि फॉर्म पुढे करताना प्रत्येकाला आधी एकच वाक्य सांगायला लागले: "हे जे भरणार आहात ते व्याज आहे, कर्ज नाही." लोक वैतागायचे. मॅनेजरही.

वास्तुशांतीला मी गेले. घर पाचशे चौरस फुटांचं, आणि त्यात पन्नास माणसं. कारखान्यातले लोक, डबेवाली पोरं, दर्यापूरहून आलेले पाहुणे. हिंदुराव खुर्चीवर बसले होते आणि राधाताईंच्या हातचा झुणका खाऊन घाम पुसत होते. "ह्यो काय जाळ हाय का काय!" म्हणून पुन्हा वाढून घेत होते. पूर्णिमा, वानखड्यांची मुलगी, तेव्हा बारावीत गेली होती. तिनं मला आतली छोटी खोली दाखवली. तिथं खिडकीपाशी टेबल होतं. तिच्या शाळेच्या सगळ्या वह्यांवरचा पत्ता वेगवेगळा होता, ते सांगत ती हसत होती.

पुढे मी ती नोकरी सोडली. फुरसुंगीचा रस्ता आता चौपदरी झालाय आणि त्या इमारतीसमोर दहा-दहा मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत. वानखड्यांचं कर्ज वेळेआधी फिटलं. राधाताईंचे डबे आता चार बायका मिळून करतात. पूर्णिमा आयटीत लागली, तिचं लग्न झालं, ती बाणेरला राहते.

गेल्या वर्षी तिच्या मुलाचं बारसं राधाताईंच्या घरीच झालं. मी गेले तर दारात चपलांचा ढीग. आत वानखडे जमिनीवर मांडी घालून बाळाला मांडीवर घेऊन बसले होते, आणि राधाताई स्वयंपाकघरातून ओरडत होत्या, "अहो, त्याला द्या कोणाजवळ तरी, आणि मॅडमला आधी जेवायला बसवा, गार झालं सगळं!"

वानखड्यांनी बाळ माझ्या हातात दिलं आणि ताटं मांडायला उठले.